अबोलीचा स्वल्पविराम

एक वही डोळ्यांसमोर आणा. तिच्या पानांना शून्य, एक, दोन, तीन असे क्रमांक घातलेले आहेत आणि पाने कधी संपत नाहीत. प्रत्येक पानावर एक नैसर्गिक संख्या लिहायची, एवढाच नियम. शून्य चालेल, सात चालेल, नऊ कोटीही चालतील, पुन्हा पुन्हा तीच संख्या लिहिली तरी हरकत नाही. वही भरली की पानाचा क्रमांक सांगताच त्या पानावरची संख्या सांगता येते. गणितात अशा नेमणुकीला फलन म्हणतात. पानांचे क्रमांकही नैसर्गिक संख्या आणि पानांवरचा मजकूरही नैसर्गिक संख्याच, म्हणून हे नैसर्गिक संख्यांकडून नैसर्गिक संख्यांकडे जाणारे फलन झाले.

आता प्रश्न असा, की अशा वेगवेगळ्या वह्या एकूण किती असू शकतात?

अनंत, हे तर उघडच आहे. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेऑर्ग कँटरने दाखवून दिले, की अनंतांमध्येही लहानमोठेपणा असतो. तो ठरवण्याची त्याची रीत आपल्या पंगतीतली आहे. पंगतीत माणसे किती आणि पत्रावळी किती हे वेगवेगळे मोजावे लागत नाही. प्रत्येकापुढे एकच पत्रावळ आहे, एकही पत्रावळ रिकामी नाही आणि कोणी तिष्ठत उभे नाही, एवढे दिसले की दोन्हींची संख्या सारखी. अनंत संचांनाही हीच कसोटी लावायची. एका संचातल्या प्रत्येकाची दुसऱ्या संचातल्या नेमक्या एकाशी जोडी लागली आणि दोन्हीकडे कोणी उरले नाही, तर दोन्ही संच एकाच आकाराचे. नैसर्गिक संख्यांचा अनंत हा सर्वांत लहान अनंत. रेषेवरच्या सर्व बिंदूंचा, म्हणजे वास्तव संख्यांचा, अनंत त्याहून मोठा, हे कँटरने १८७४ साली सिद्ध केले.

आपल्या वह्यांची जागा यात कुठे? पहिल्यांदा विचार करणाऱ्याला वाटते, की वह्या वास्तव संख्यांहून खूपच जास्त असणार. वास्तव संख्या लिहायला प्रत्येक दशांश स्थानी दहाच पर्याय असतात. द्विमान पद्धतीत लिहिली तर दोनच, शून्य किंवा एक. वहीच्या मात्र प्रत्येक पानावर अनंत पर्याय आहेत. पाच स्थाने घेतली तर शून्य-एकच्या ३२ ओळी होतात आणि दहा अंकांच्या एक लाख. पर्याय वाढले की संख्या भडकते, हा आपला रोजचा अनुभव. असे असूनही उत्तर हे, की वह्या आणि वास्तव संख्या अगदी सारख्याच आहेत. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. हे नुसते मान्य करण्यात मजा नाही. जोडी प्रत्यक्ष लावून दाखवता येते आणि तिला शाळेतल्या गणितापलीकडचे काहीही लागत नाही.

सर्वांना सुचणारा पहिला उपाय करून पाहू. वहीतल्या संख्या दशांशचिन्हापुढे ओळीने लिहून टाकायच्या. वहीत १, २३, ४ असे असेल तर ०.१२३४ असे सुरू होईल. पण वहीत १२, ३, ४ असे असेल तरी ०.१२३४ असेच सुरू होईल. दोन वेगळ्या वह्यांना एकच संख्या मिळाली. चूक कुठे झाली ते पाहण्यासारखे आहे. आपण अंक सगळे लिहिले, फक्त स्वल्पविराम टाकून दिले. वहीत कोणते पान कुठे संपते हीसुद्धा माहिती होती आणि तीच आपण गमावली. या सिद्धतेचे सगळे मर्म माझ्या मते इथे आहे. अंकांची खरी अडचण नाही, स्वल्पविराम लिहायला जागा हवी आहे.

त्यासाठी गजरा ओवू. दोनच प्रकारची फुले घ्यायची, मोगरा आणि अबोली. शून्य क्रमांकाच्या पानावर जी संख्या असेल तेवढ्या मोगऱ्याच्या कळ्या ओवायच्या आणि मग एक अबोली. पुढच्या पानावर जी संख्या असेल तेवढा मोगरा, पुन्हा एक अबोली. असेच पुढे. पानावर शून्य असेल तर मोगरा नाहीच, लगेच अबोली. मोगरा संख्या सांगतो आणि अबोली स्वल्पविरामाचे काम करते. कोणत्याही भरलेल्या वहीचा असा एक न संपणारा गजरा होतो. उलट कोणी गजरा हातात दिला तर दोन अबोलींमधला मोगरा मोजत जाऊन वही जशीच्या तशी परत लिहिता येते. गजऱ्यावर अट एकच: त्यात अबोली अनंत वेळा आली पाहिजे. एका जागेपासून पुढे नुसता मोगराच लागला तर त्या पानावरची संख्या कधी संपणारच नाही आणि पुढची पाने कोरी राहतील. मग ती वही आपल्या नियमातली नव्हे.

आता मोगऱ्याच्या जागी ० आणि अबोलीच्या जागी १ लिहा आणि सुरुवातीला दशांशासारखे चिन्ह द्या. द्विमान पद्धतीतली संख्या तयार झाली. दशमान पद्धतीत चिन्हानंतरच्या जागांची किंमत दशांश, शतांश अशी उतरते, तशी इथे अर्धा, पाव, अष्टमांश अशी उतरते. आपल्या आजीला पावकी-निमकी पाठ होती, तिला ही जागांची उतरंड लगेच उमगली असती.

एक उदाहरण पूर्ण करू. ज्या वहीत पानाचा क्रमांक तोच मजकूर आहे ती घ्या: ०, १, २, ३ आणि पुढे. गजरा होईल १, मग ०१, मग ००१, मग ०००१. एकत्र लिहिले की ०.१०१००१०००१…. अबोली पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या, दहाव्या, पंधराव्या जागी येते. त्या जागांच्या किमतींची बेरीज, म्हणजे एक द्वितीयांश, एक अष्टमांश, एक चौसष्टांश, एक हजार चोविसांश आणि पुढच्या, सुमारे ०.६४१६३ येते. त्या वहीचा हा रेषेवरचा बिंदू. प्रत्येक पानावर शून्य असलेल्या वहीचा गजरा नुसता अबोलीचा, ०.११११…, आणि त्याची बेरीज बरोबर १. प्रत्येक पानावर एक असलेल्या वहीचा गजरा ०.०१०१०१…, म्हणजे पाव, त्याचा पाव, त्याचा पाव असे मिळवत गेलो तर येणारा एक तृतीयांश.

आता उलट्या दिशेने जाऊ, कारण खरी परीक्षा तिथे आहे. शून्याहून मोठी आणि जास्तीत जास्त एक इतकी कोणतीही संख्या घेतली तर तिची वही सापडते का? कृती सोपी आहे. संख्या दुप्पट करा. दुप्पट एकापेक्षा जास्त झाली तर अबोली ओवा आणि एक वजा करा. एकापेक्षा जास्त नसेल तर मोगरा ओवा. जे उरले त्यावर तीच कृती पुन्हा. एक पंचमांश घेऊ. दुप्पट दोन पंचमांश, म्हणून मोगरा. दुप्पट चार पंचमांश, पुन्हा मोगरा. दुप्पट आठ पंचमांश, म्हणून अबोली, उरले तीन पंचमांश. दुप्पट सहा पंचमांश, पुन्हा अबोली, उरला एक पंचमांश. सुरू केले तिथेच येऊन पोहोचलो, म्हणून हाच क्रम कायम फिरत राहणार: ००११००११…. दोन अबोलींमधला मोगरा मोजला की वही मिळते: २, ०, २, ०, २, ०, अशी अखेरपर्यंत.

या कृतीतला एक शब्द मी मुद्दाम जपून वापरला. दुप्पट ‘एकापेक्षा जास्त’ झाली तरच अबोली, बरोबर एक झाली तर नाही. त्यामुळे हातात उरलेली संख्या कधीही शून्य होत नाही. आणि शून्य नसलेली संख्या दुप्पट, चौपट, आठपट करत गेलो की ती कधी ना कधी एकाच्या पलीकडे जातेच. म्हणजे पुढची अबोली नक्की येणार, त्याच्या पुढचीही येणार. अबोली अनंत वेळा यायला हवी ही आपली अट आपोआप पाळली जाते. अर्धा घेऊन पाहा. दुप्पट बरोबर एक, म्हणून मोगरा, उरला एक. त्याची दुप्पट दोन, म्हणून अबोली, उरला पुन्हा एक. पुढे अबोलीच अबोली. अर्ध्याची वही झाली १, ०, ०, ०….

इथे वाचकाच्या मनात एक शंका यायला हवी. अर्धा द्विमान पद्धतीत साधेपणाने ०.१००० असाही लिहिता येतो की! होय, येतो. दशमान पद्धतीत ०.५ आणि ०.४९९९… या दोन्ही एकाच संख्येच्या ओळी आहेत, तसेच इथे ०.१०००… आणि ०.०१११… हे अर्ध्याचेच दोन पोशाख आहेत. एका बिंदूची दोन नावे असली की जोड्या लावण्यात घोटाळा होतो. हा घोटाळा खुद्द कँटरला भोवला होता.

जून १८७७ मध्ये कँटर हालेत होता आणि रिचर्ड डेडेकिंड ब्राउनश्वाइगमध्ये. कँटरला दाखवायचे होते, की चौरसातले बिंदू आणि त्याच्या एका बाजूवरचे बिंदू सारखेच आहेत. २० जूनच्या पत्रात त्याने डेडेकिंडला कल्पना कळवली. चौरसातला बिंदू म्हणजे दोन दशांश संख्या. त्यांचे अंक वेणीसारखे एकाआड एक गुंफायचे आणि एकच संख्या करायची. दोन नावांचा घोटाळा टाळण्यासाठी शेवटी शून्येच शून्ये असणारी रूपे वापरायची नाहीत, ०.५ ऐवजी ०.४९९९… लिहायचे. दोनच दिवसांनी, २२ जूनला, डेडेकिंडचे उत्तर आले. त्याने दाखवलेली खोट समजायला ०.५१०७०७०७… ही संख्या घ्या. तिची वेणी सोडवली तर एक पेड येतो ०.५०००… आणि दुसरा ०.१७७७…. पहिला पेड तर कँटरने स्वतःच बाद केलेला. म्हणजे बाजूवरच्या या बिंदूला चौरसातला जोडीदारच नाही. पंगतीत एक पत्रावळ रिकामी राहिली, आणि अशा रिकाम्या पत्रावळी असंख्य होत्या.

आपल्या गजऱ्यात ही खोट का येत नाही? कारण आपण जी रूपे बाद करतो ती कोणत्याच वहीची नसतात. ०.१००० मध्ये पहिल्या अबोलीनंतर नुसता मोगरा आहे. तो गजरा वहीतून तयारच होत नाही, कारण कोणत्याही पानावर न संपणारी संख्या लिहायला मनाई आहे. कँटरने बाद केलेली रूपे वेणी सोडवताना पुन्हा हातात येत होती. इथे बाद केलेले काही परत येत नाही. वहीचा नियम आणि संख्येच्या दोन पोशाखांपैकी एक निवडण्याचा नियम हे दोन्ही तंतोतंत एकच आहेत. मला या सिद्धतेतली सर्वांत देखणी जागा हीच वाटते. दोन वेगवेगळ्या गावांतल्या दोन अटी, एकमेकींची ओळखही नसलेल्या, बोटभरही फरक न ठेवता एकमेकींवर बसतात.

तरी शेवटची खातरजमा करायलाच हवी. दोन वेगळे गजरे चुकून एकाच बिंदूवर तर येत नाहीत ना? समजा दोन गजरे प्रथमच वेगळे झाले, एकात अबोली आणि दुसऱ्यात मोगरा. समजा ती जागा पाव किमतीची आहे. पहिल्याला लगेच पाव मिळाला आणि त्याच्यापुढे अजून अबोली येणारच आहे, म्हणून त्याला पावाहून थोडे तरी जास्त मिळणार. दुसऱ्याला त्या जागी काही मिळाले नाही. पुढे सगळीकडे अबोली आली तरी अष्टमांश, सोळांश, बत्तिसांश मिळून फार तर पाव होईल. म्हणून पहिली संख्या दुसरीहून नक्की मोठी. जोडी पक्की लागली: प्रत्येक वहीला एक बिंदू, प्रत्येक बिंदूला एक वही.

पण हे सगळे शून्य ते एक एवढ्याच तुकड्यात झाले. आपल्याला संपूर्ण रेषा हवी आहे. पाठ्यपुस्तकात इथे सहसा एखादे सूत्र आणून तुकडा ताणतात. त्याहून जवळचा मार्ग वहीतच आहे. कोणतीही वास्तव संख्या म्हणजे एक पूर्णांक आणि त्यात मिळवलेला शून्याहून मोठा, फार तर एक इतका तुकडा. ही फोड एकाच प्रकारे होते. २.५ म्हणजे दोन अधिक अर्धा, आणि ५ म्हणजे चार अधिक एक. तर वहीचे शून्य क्रमांकाचे पान पूर्णांकासाठी राखून ठेवू आणि गजरा त्याच्या पुढच्या पानापासून ओवू. पूर्णांक ऋणही असतात, म्हणून त्यांना घडी घालावी लागेल: पानावरचा ० म्हणजे ०, १ म्हणजे उणे १, २ म्हणजे १, ३ म्हणजे उणे २, ४ म्हणजे २. सम संख्या उजवीकडे नेतात, विषम डावीकडे. एक पान पुढे खर्ची घातले म्हणून न संपणाऱ्या वहीचे काही बिघडत नाही.

अशा रीतीने ‘पाय’ या संख्येचीही वही लिहिता येते. तीन या पूर्णांकासाठी घडीप्रमाणे ६. उरलेल्या ०.१४१५९… चे द्विमान रूप ०.००१००१००००११११११०११०१… असे जाते. मोगरा मोजला की वही सुरू होते: ६, २, २, ४, ०, ०, ०, ०, ०, १, ०, १…. वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले नाते आता वहीच्या पानांवर उतरले. आणि तुम्ही मनाला येईल तशी कोणतीही वही भरा, ती रेषेवरच्या कोणत्या तरी एका, फक्त एका, बिंदूचा पत्ता असेल.

मग सुरुवातीच्या आपल्या समजुतीचे काय झाले? प्रत्येक पानावर अनंत पर्याय असूनही वह्या वाढल्या का नाहीत? कारण पर्याय अनंत असले तरी प्रत्यक्ष लिहिलेली प्रत्येक संख्या मर्यादितच असते. नऊ कोटी लिहायचे तर गजऱ्यात नऊ कोटी एक फुले लागतील, पण तेवढीच. पाच जागांच्या ओळीत हे परवडत नाही, एकाच संख्येने सगळ्या जागा खाल्ल्या असत्या. न संपणाऱ्या ओळीत प्रत्येक पानाने हवी तेवढी जागा घेतली तरी पुढच्यासाठी तितकीच शिल्लक राहते. पर्यायांची चैन जागांच्या सुबत्तेत विरघळून जाते.

डेडेकिंडच्या पत्रानंतर कँटरने काय केले, ते आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहे. २५ जूनला त्याने नवी सिद्धता पाठवली आणि तीत दशांश सोडून परंपरित अपूर्णांक घेतले, म्हणजे अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक. एक भागिले, पहिली संख्या अधिक एक भागिले, दुसरी संख्या अधिक एक भागिले, असे खाली खाली उतरत जायचे. या संख्या एकपासून पुढच्या नैसर्गिक असतात आणि उतरण कधी संपत नाही. म्हणजे ती आपली वहीच, फक्त शून्य वगळून. अशा प्रत्येक वहीला शून्य आणि एक यांच्यामधली एक अपरिमेय संख्या मिळते आणि प्रत्येक अपरिमेय संख्येला एकच वही. प्रत्येक पानावर १ लिहिले तर? ती संख्या क्ष मानू. वरचा थर सोलला तरी खाली तीच उतरण उरते, म्हणून क्ष म्हणजे एक भागिले (एक अधिक क्ष). शाळेतले वर्गसमीकरण सोडवले की ०.६१८०३… येते, सुवर्णगुणोत्तराचा अपूर्णांकी भाग. प्रत्येक पानावर २ असेल तर दोनाच्या वर्गमुळातून एक वजा केल्यावर उरणारी संख्या येते. इथे दोन पोशाखांचा प्रश्नच नाही. पण परिमेय संख्या बाहेर राहतात, कारण त्यांची उतरण कुठेतरी थांबते. त्यांना जोडीत परत बसवायला कँटरला बरीच खटपट करावी लागली आणि १८७८ साली क्रेलेच्या नियतकालिकात आलेल्या लेखाचा मोठा भाग त्यातच गेला. २९ जूनच्या पत्रात त्याने डेडेकिंडला, एरवी जर्मनमध्ये लिहिणाऱ्याने फ्रेंचमध्ये, कळवले होते, की आपल्याला हे दिसते आहे पण विश्वास बसत नाही. मला ते अतिशय प्रामाणिक वाटते.

वह्या वास्तव संख्यांइतक्या आहेत, म्हणजे नैसर्गिक संख्यांहून जास्त आहेत. हे जोडीचा आधार न घेता, थेट वह्यांवरच दाखवता येते आणि ते वास्तव संख्यांवर दाखवण्यापेक्षा सोपे आहे. समजा कोणी म्हणाले, मी सगळ्या वह्या ओळीने मांडल्या आहेत, शून्यावी, पहिली, दुसरी अशा. तर नवी वही अशी भरा: शून्य क्रमांकाच्या पानावर, शून्याव्या वहीतल्या त्याच पानावरची संख्या अधिक एक. पहिल्या पानावर, पहिल्या वहीतल्या पहिल्या पानावरची संख्या अधिक एक. असेच पुढे. ही नवी वही मांडलेल्या प्रत्येक वहीपेक्षा निदान एका पानावर वेगळी आहे, म्हणून ती ओळीत नव्हतीच. कर्णावरून चालणारी ही युक्ती कँटरने १८९१ साली मांडली, तीही दोनच अक्षरांच्या अनंत ओळींवर. वास्तव संख्यांवर ती वापरताना दोन पोशाखांची काळजी घ्यावी लागते. वह्यांना एकच पोशाख असल्याने इथे ती काळजी नाही.

मात्र वही कुठेतरी संपू दिली की चित्र पालटते. फक्त मर्यादित पानांच्या वह्या घेतल्या तर त्यांचे गजरेही मर्यादित, शेवटी अबोली असणारे. ते लांबीप्रमाणे मांडता येतात: एका फुलाचा एक, दोन फुलांचे दोन, तीन फुलांचे चार, चार फुलांचे आठ. सगळे क्रमाने मोजून होतात, म्हणून त्या वह्या नैसर्गिक संख्यांइतक्याच भरतात. पानावर कितीही मोठी संख्या लिहायची मुभा असली तरी त्यात फरक पडत नाही. मोठा अनंत पर्यायांमुळे येत नाही. वही न संपण्यामुळे येतो.

याचा एक परिणाम संगणकाशी बांधलेला आहे. प्रोग्राम म्हणजे मर्यादित अक्षरांचा मजकूर, मग तो कितीही लांब असो. वरच्यासारखेच लांबीप्रमाणे मांडून सगळे प्रोग्राम मोजता येतात. वह्या मात्र मोजता येत नाहीत. म्हणून अशा वह्या असणारच, किंबहुना बहुतेक वह्या अशाच असणार, ज्यांची पाने एखादा प्रोग्राम चालवून भरता येत नाहीत. ॲलन ट्युरिंगने १९३६ च्या आपल्या लेखात यंत्राने अंक छापता येतील अशा वास्तव संख्यांचा विचार केला, तेव्हा त्या संख्या मोजण्याजोग्याच आहेत, हेही त्याने नोंदवले. आपला गजरा हे नाते दोन्हीकडून सांभाळतो. वही भरणारा प्रोग्राम असेल तर गजरा ओवणारा लिहिता येतो, आणि गजरा ओवणारा असेल तर वही भरणाराही, कारण पुढची अबोली येईपर्यंत थांबायचे आणि ती नक्की येते.

या रीतीला हद्दही आहे. पानांचे क्रमांक नैसर्गिक संख्या होते म्हणून ती पाने एकामागून एक ओवता आली. वहीला रेषेवरच्या प्रत्येक बिंदूसाठी एकेक पान दिले तर ‘पुढचे पान’ असे काही उरत नाही आणि गजरा ओवताच येत नाही. तशा वह्यांच्या पानांवर फक्त शून्य किंवा एक एवढेच लिहायची परवानगी दिली, तरी त्या वास्तव संख्यांहून जास्त असतात. हेही कर्णाच्याच युक्तीने सिद्ध होते.

आता कागद-पेन्सिल घेऊन एक गोष्ट स्वतः करून पाहा. वरच्या दुपटीच्या कृतीने एक दशांशाची वही काढा आणि ती एक पंचमांशाच्या २, ०, २, ०… या वहीशेजारी ठेवा. संख्या निम्मी झाली की गजऱ्यात नेमके कोणते एक फूल वाढते आणि ते कुठे बसते, ते तुम्हालाच दिसेल.